गोरज मुहूर्ताचे इंग्रजी

एडिंबरा

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

ताईच्या लग्नपत्रिकेचा मसुदा मिळाला. येथील कार्यालयातल्या दहा-बारा जणांना द्यायची इंग्रजी प्रत मी आणि माझा अकोल्याचा मित्र मिळून तयार करीत आहोत. बाकीचा मजकूर एका बैठकीत झाला. ‘चि. सौ. कां.’ तर आम्ही सरळ गाळले आणि तिचे नुसते नाव ठेवले. अडलो ते ‘गोरज मुहूर्तावर’ या शब्दांपाशी, आणि तीन संध्याकाळी त्यातच गेल्या.

मित्राचे म्हणणे असे की तेथे ‘ग्लोमिंग’ लिहावे. हा स्कॉटलंडच्या लोकांचा स्वतःचा, जिव्हाळ्याचा शब्द आहे. सूर्य मावळल्यानंतर मागे रेंगाळणाऱ्या उजेडाला ते हे नाव देतात, म्हणून वाचणाऱ्याला तो लगेच आपला वाटेल. माझा आग्रह ‘काउ-डस्ट अवर’ या शब्दशः भाषांतराचा होता. माझे कारण असे, की ग्लोमिंग हे उजेडाचे नाव आहे आणि गोरज हे धुळीचे. आपल्या गावात ही वेळ आभाळाकडे पाहून कळत नाही. गुराखी ढोरे घेऊन आखरापर्यंत आला आणि खुरांनी उडालेली धूळ रस्त्यावर तरंगू लागली की ती कळते. शिवाय ग्लोमिंग लिहिले तर येथला माणूस मे महिन्यात रात्री नऊनंतरची वेळ डोळ्यांसमोर आणील, कारण तेव्हा येथे सूर्यच नऊ वाजून गेल्यावर मावळतो.

मित्राने माझ्या शब्दावर घेतलेला आक्षेपही खोटा नव्हता. आपल्याकडे गाईच्या पायांची धूळ पवित्र मानतात, म्हणून तिच्या नावाने लग्नाची वेळ ओळखली जाते. इंग्रजीत ‘डस्ट’ म्हटले की झाडून टाकायची वस्तू. येथल्या गाई ओल्या हिरव्या कुरणात चरतात, त्यांच्या मागे कसली धूळ उडणार? आणि ‘अवर’ म्हणजे साठ मिनिटे, तर मुहूर्त दोन घटिकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. यावर मी मध्यम मार्ग म्हणून ‘व्हेन द काउज कम होम’ सुचवले, तेव्हा तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. इंग्रजीत ‘टिल द काउज कम होम’ म्हणजे ज्याला अंतच नाही असा वेळ. नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत यायला आपल्याकडे किती वेळ लावते हे आठवून मला वाटले, भाषांतर म्हणून ते चुकीचेही नव्हते.

शेवटी ठरले ते असे: ‘गोरज’ हा शब्द रोमन अक्षरांत तसाच ठेवायचा, खाली लहान टाइपात ‘सूर्यास्ताच्या सुमारास, गाई घरी परततात तेव्हा’ एवढे इंग्रजीत द्यायचे, आणि शेजारी घड्याळाची वेळ छापायची. मित्र अजूनही म्हणतो की खुलासा द्यावा लागला म्हणजे भाषांतर फसले. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे शहरात वाढलेल्या मुलांनाही आता हा खुलासा द्यावाच लागेल.

मात्र घड्याळाची वेळ लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे. मसुद्यात ‘सायं. ७ वा. ६ मि.’ असे आहे. मेच्या मध्यावर मुंबईचा सूर्यास्त नेमका याच सुमारास असतो. आपला दारव्हा तालुका मुंबईहून बराच पूर्वेला असल्यामुळे आपल्याकडे सूर्य त्या दिवसांत साधारण ६ वाजून ४८ मिनिटांनी, म्हणजे अठरा मिनिटे आधी मावळतो. सूर्यास्ताच्या आधीची एक घटिका आणि नंतरची एक घटिका, प्रत्येकी चोवीस मिनिटांची, अशी गोरज धरली तर ती ७ वाजून १२ मिनिटांनी संपते. म्हणजे छापलेल्या वेळेनंतर हातात सहा मिनिटे उरतात, आणि तेवढ्यात मंगलाष्टकेही पुरी होणार नाहीत. बहुधा कोणीतरी मुंबईच्या पंचांगातली वेळ जशीच्या तशी उतरवली असावी.

तरी बाबा, मराठी पत्रिका छापखान्यात देण्यापूर्वी आपण महाराजांना एकदा विचारून घ्यावे की हे पंचांग कोणत्या गावच्या सूर्यास्तावरून केलेले आहे आणि गोरज ते किती घटिकांची धरतात. त्यांनी वेळ बदलली तर मला लगेच फोनवर कळवावे. इंग्रजी प्रतीत तेवढी एक ओळ मी कोरी ठेवली आहे.

आईच्या गुडघ्याचे कसे आहे तेही कळवावे.

आपला,
धाकटा