मंत्री साहेब, ओटीपी कोणाच्या फोनवर चाललाय?

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांना बीड जिल्ह्यातून नमस्कार.

साहेब, आमच्याकडं दिवाळीच्या आसपास कोयते ऊसतोडीला निघतात ते गुढीपाडव्यापर्यंत येत नाहीत, आणि तिकडं रेंज नसली की लोक सरळ दुसरं सिमकार्ड घेतात. जुन्याला रिचार्ज नाही म्हणून ते बंद पडतं, आणि बंद पडलेला नंबर 3 महिन्यांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. आधारला मात्र तोच जुना नंबर चिटकून राहतो.

आमच्या वस्तीवरली एक पोरगी दहावी झाली. बापानं तिला आपले सरकार पोर्टलवर नोंदणी करून दिली, नवीन नंबर टाकला, ओटीपी आला, युजर आयडी तयार झाला, सगळे खुश. मग डिजिलॉकरमधून मार्कशीट काढायला आधार नंबर टाकला तर ओटीपी काही येईना. परत परत पाठवला तरी नाही. नेटचा दोष असंल म्हणून पोरगी फोन घेऊन माळावर जाऊन आली बगा! आता पोर्टल कुठलाही चालू नंबर घेतं, पण आधारचा ओटीपी आधारला जो नंबर आहे त्याच्यावरच जाणार, हे त्यांना सांगायचं कोणी? शेवटी यूआयडीएआयच्या साइटवर आधार व्हेरिफाय करून बघितलं, तिथं लॉगिन न करता जोडलेल्या मोबाइल नंबरचे शेवटचे 3 आकडे दिसतात, तेव्हा कळलं की बापाचं मागच्या हंगामातलं सिम लागलेलं आहे.

ऑनलाइन ओटीपीवर हा नंबर बदलायला जावं तर ओटीपी त्याच मेलेल्या नंबरवर. म्हणून आधार केंद्रावर जाऊन बोट द्यायचं. कागद एकही लागत नाही, फी 75 रुपये, केंद्रवाला जास्त मागतो ते वेगळंच. पण तालुक्याला जायचं म्हणजे बापाचा रोज बुडाला.

नंबर लागल्यावर पुढचं सोपं निघालं. 6 आकडी पिन ठेवला, बोर्ड निवडलं, सीट नंबर आणि वर्ष टाकलं, मार्कशीट इश्यूड डॉक्युमेंट्समध्ये आली. ती कायद्यानं मूळ कागदासारखीच धरतात. त्याच्या आधी एकानं तिला मार्कशीटचा फोटो काढून अपलोड करून दिला होता, तो नुसता फोटोच, कॉलेजवाल्यानं घेतला नाही आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता मागणी. आधारचं काम केंद्र सरकारकडं आहे हे मला कळतं, पण पोस्टमन 2021 पासून दारात येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात, पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत. वस्तीवर कोणाला हे माहीतच नाही. तुम्ही पोस्टाशी बोलून दसऱ्याच्या आत, टोळ्या गाडीत बसायच्या आधी, तांड्यावर न् वस्तीवर कॅम्प लावा, तारीख मुकादमाला अन् ग्रामपंचायतीला आधी कळवा. आणि आपले सरकारच्या नोंदणीच्या पानावर मोबाइलच्या रकान्याखाली मराठीत एक ओळ टाका: "हा नंबर इथं दिल्यानं आधारला जोडला जात नाही."

ही ओळ टाकायला तर कॅम्पचीबी वाट बघायची गरज नाही.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक नागरिक