‘स्तंभ’ की ‘कॉलम’?

३० वर्षांपुढील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक असल्याने त्या अहवालांचे मराठी अनुवाद सध्या माझ्याकडे बरेच येतात. ‘कॉलम’चा ‘स्तंभ’ आणि ‘बीम’ची ‘तुळई’ करावी, असा काही सोसायट्यांचा आग्रह असतो. पण दुरुस्तीला येणारा गवंडी कॉलम-बीमच म्हणतो, टेंडरमध्येही तेच शब्द असतात. ते तसेच ठेवावेत. सळई, गंज, गिलावा हे आपले शब्द तर आहेतच.

खरी अडचण ‘कार्बनेशन’ची. ‘कार्बनीकरण’ लिहून कोणाला काय कळणार? मी ‘कार्बनेशन’च ठेवतो आणि पहिल्या उल्लेखाला खुलासा जोडतो: हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून काँक्रीटचा अल्कधर्मी गुण जातो, ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिन फवारल्यास चांगले काँक्रीट गुलाबी होते, बाधित भागाला रंग येत नाही. हा बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला, की तिचे गंजापासूनचे संरक्षण संपते.

‘स्ट्रेस’साठी मात्र कोशातला ‘प्रतिबल’च हवा. तिथे ‘ताण’ लिहिले, तर कॉलमवरचा दाब वाचणाऱ्याला ओढ वाटते.

– एक अनुवादक, ठाणे