401(के) खातं थेट वर्ग न करता पैसे काढून घेतल्याबद्दल तक्रार

दि. 6 नोव्हेंबर 2025, पुणे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
(परदेशातून परतणाऱ्यांसाठी आर्थिक सल्ला देणारी आपली कंपनी, पुणे कार्यालय)

विषय: माझ्या निवृत्ती खात्याच्या अर्जातली चुकीची नोंद आणि तिची भरपाई

महोदय / महोदया,

अमेरिकेतली नोकरी सोडून मी 2022 मध्ये पुण्यात परतलो. तिथल्या 401(के) खात्यात 80,000 डॉलर होते. वय 51, म्हणजे साडेएकोणसाठच्या आत पैसे काढले तर नेहमीच्या करावर आणखी 10 टक्के दंड. म्हणून काहीही न काढता ही सगळी रक्कम माझ्या आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात थेट वर्ग करायची, एवढंच काम मी फी भरून आपल्याकडे दिलं होतं. हे आयआरए मी तिकडे राहत असतानाच उघडलं होतं. भारतीय आयकराच्या कलम 89ए ची सवलत परदेशात राहत असताना उघडलेल्या खात्यालाच मिळते. त्यामुळे खात्यातल्या वाढीवरचा कर दरवर्षी न भरता पैसे काढताना भरता येतो. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत आपल्या सल्लागारांनीच मला समजावली होती, म्हणून तर काम विश्वासाने सोपवलं.

ऑगस्टमध्ये आपण मला सहीसाठी अर्जाचं फक्त शेवटचं पान पाठवलं. 25 सप्टेंबरला घरी पाकीट आलं, त्यात चेक होता 56,000 डॉलरचा आणि तो माझ्या एकट्याच्या नावाने. थेट वर्ग होणाऱ्या रकमेचा चेक आयआरए सांभाळणाऱ्या संस्थेच्या नावाने निघतो, पुढे 'एफबीओ' लिहून खातेदाराचं नाव येतं. इथे संस्थेचं नावच नव्हतं. अर्जाची पूर्ण प्रत 401(के) योजनेकडून मागवली तेव्हा कळलं की दुसऱ्या पानावर 'थेट वर्ग' ऐवजी 'रोख, खातेदारास' या चौकटीत खूण आपल्या कार्यालयाने केली आहे. खाली माझा पुण्याचा पत्ता आणि अमेरिकेचा रहिवासी नसल्याचा डब्ल्यू-8बेन जोडलेला. त्यामुळे योजनेने नियमाप्रमाणे 30 टक्के, म्हणजे 24,000 डॉलर, कापून अमेरिकी कर खात्याकडे पाठवले. थेट वर्ग केलं असतं तर यातला एक डॉलरही कापला गेला नसता.

फोनवर आपले प्रतिनिधी म्हणाले, "काळजी करू नका, कापलेला कर परत मिळतो." मिळतो, पण केव्हा आणि कशावर? रक्कम हातात पडल्यापासून 60 दिवसांत पूर्ण 80,000 डॉलर आयआरएमध्ये पोहोचले तरच हा व्यवहार पैसे काढणं न मानता हस्तांतरण मानला जातो. 56,000 भरून गप्प बसलो तर उरलेले 24,000 मी काढून घेतले असं धरलं जाईल. त्यावर अमेरिकेत कर, वर 2,400 डॉलर दंड, आणि आता मी इथला पूर्ण निवासी असल्याने भारतातही ते उत्पन्नात धरावं लागेल. हे टाळायचं, तर जे पैसे माझ्या हाती आलेच नाहीत, तेच पदरचे घालून आयआरएमध्ये भरायचे.

(60 दिवस चेकवरच्या तारखेपासून मोजतात, असंही याच प्रतिनिधींनी सांगितलं. तसं नाही, चेक हातात पडल्यापासून मोजतात. त्यामुळे माझी मुदत 24 नोव्हेंबरपर्यंत आहे. त्यांचं ऐकलं असतं तर मुदत संपली समजून मी हातपाय गाळून बसलो असतो.)

चेक पुण्यातल्या बँकेत वटवून घ्या, असा आपला सल्ला होता. तो न मानता मी चेक कुरिअरने आयआरए सांभाळणाऱ्या संस्थेकडे पाठवला, 56,000 तिथे जमा झाले आहेत. उरलेले 24,000 डॉलर मला इथल्या ठेवी मोडून पाठवावे लागत आहेत. म्हणजे सुमारे 21 लाख रुपये. शिवाय वर्षाला 10 लाखांवरच्या अशा रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस कापते, म्हणजे आणखी सव्वादोन लाखांच्या आसपास अडकणार. तो रिटर्न भरल्यावर वळता होईल, आणि अमेरिकेतले 24,000 पुढच्या वर्षी कर कापल्याचा 1042-एस दाखला हाती आल्यावर 1040-एनआर हे तिथलं अनिवासींचं विवरणपत्र भरून परत मागता येतील. तोवर बिनव्याजी उधारी माझी, चूक तुमची.

त्यामुळे माझी मागणी अशी: घेतलेली फी पूर्ण परत करा. ठेवी मुदतीआधी मोडल्याने बुडालेलं व्याज, बँकेचा पाठवणी खर्च आणि कुरिअर भरून द्या. पुढच्या वर्षीचा 1040-एनआर आपल्या खर्चाने, पण माझ्या पसंतीच्या कर सल्लागाराकडून भरून मिळावा. त्यात एकूण रक्कम 80,000 आणि करपात्र रक्कम शून्य असंच दाखवायचं आहे. शिवाय माझ्या नावाने आपण पाठवलेल्या प्रत्येक कागदाची पूर्ण प्रत मला हवी आहे, नुसतं सहीचं पान नको.

21 नोव्हेंबरपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. सोबत अर्जाची प्रत, चेकची छायाप्रत, पाकिटावरचा पोचशिक्का आणि आयआरएची जमा पावती जोडली आहे.

आपला,
(सही)
खातेदार