खुर्चीचा अर्ज

प्रिय मंजू,

नवी खुर्ची मागायला ऑफिसातल्या दादासाठी लिहिलेला तुझा मेसेज वाचून आधी हसले, मग तुझ्या पाठीची काळजी वाटली. अजून पाठवला नाहीस ना? नको पाठवूस. बरं केलंस मला आधी दाखवलास ते. फोनवर एवढं सगळं सांगता येणार नाही, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. असले अर्ज वाचणं हे माझं रोजचंच काम, तेव्हा टेबलाच्या पलीकडून ते कसे दिसतात ते सांगते.

तू लिहिलंयस : “दादा, माझी खुर्ची एकदाची बदलून द्या हो. पाठीचा पार भुगा झालाय. नवीन केबिनमधल्या साहेबांना कशी लगेच भारीतली आली! आम्ही काय माणसं नाही का? तसलीच एक अर्गोनॉमिकवाली बघा ना. डॉक्टरपण म्हणालेत. लवकर करा प्लीज.”

यात खोटं काहीच नाही. पण हा व्हॉट्सअ‍ॅप वाचून दादा नेमकं काय करणार? तो बिचारा मान डोलावेल, सुतार नाहीतर खुर्चीवाला मेकॅनिक पाठवेल. मेकॅनिक तुझ्या खुर्चीचं हायड्रॉलिक बदलेल. (आत खरं तर गॅस असतो, पण सगळ्या हाफिसांत त्याला हायड्रॉलिकच म्हणतात, आपणही म्हणू.) झालं, तक्रार मिटली. खुर्ची आता खाली बसणार नाही, पण कंबरेमागे जो आधारच नाही तो कुठून येणार? वर दादा म्हणायला मोकळा, “मॅडम, दुरुस्त करून दिली की.” आणि त्याचं चूक नसेल, कारण तू त्याला फक्त खुर्ची खराब आहे एवढंच सांगितलंयस.

म्हणून पहिली गोष्ट ही, की तुझ्या मेसेजमध्ये दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत. एक, आहे ती खुर्ची बिघडली आहे. दोन, ती धड असती तरी तुला पुरली नसती. पहिल्याला दुरुस्ती चालते, दुसऱ्याला नवी खुर्ची लागते. अर्जात दोन्ही वेगवेगळी दिसली पाहिजेत.

बिघाड सांगताना “खाली जाते” एवढ्यावर थांबू नकोस. उद्या सकाळी टेप घेऊन जा. जमिनीपासून बैठकीपर्यंतची उंची मोज, तासभर काम कर, मग पुन्हा मोज. सील गेलेली नळी गपकन खाली येत नाही, बसल्या बसल्या गळत राहते. त्यामुळे मेकॅनिक येऊन दोन मिनिटं बसतो आणि “ठीक आहे की” म्हणून जातो. दोन आकडे लिहिलेले असले की त्याला तसं म्हणता येत नाही.

आता “अर्गोनॉमिक”. हा शब्द अर्जात नकोच. विक्रेते जाळीची पाठ असलेल्या कुठल्याही खुर्चीला तो चिकटवतात आणि दरपत्रकात सगळ्यात स्वस्त जाळीवाली येऊन बसते. त्याऐवजी तुला काय हलवता यायला हवं ते लिही. तुझ्या बाबतीत तीन गोष्टी महत्त्वाच्या. कंबरेचा आधार वर-खाली होणारा हवा, कारण तो तुझ्या कंबरेच्या खळग्यात बसला तरच उपयोग. खुर्चीचे हात वर-खाली होणारे हवेत. आणि बैठक फार खोल नको, किंवा पुढे-मागे सरकणारी हवी. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. तू पाच फूट एक इंच. मोठ्या बैठकीवर मागे टेकून बसलीस तर कड गुडघ्यामागे रुतणार, म्हणून तू आपोआप पुढे सरकून बसणार आणि मागचा आधार कितीही भारी असला तरी पाठ अधांतरीच राहणार. टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली की समजायचं, माप बरोबर आहे.

उंचीचा हिशोबही करून टाकू. तुमची टेबलं नेहमीच्या मापाची, म्हणजे 75 से.मी. असतील. बसल्यावर बैठकीपासून तुझं कोपर साधारण 23 से.मी. वर येईल. कोपर टेबलाच्या पातळीला हवं तर बैठक 52 वर न्यायला लागणार. आणि चपलेसकट जमिनीपासून गुडघ्याच्या खालच्या बाजूपर्यंत तू जेमतेम 40. म्हणजे पाय 12 से.मी. अधांतरी लोंबकळणार! त्यामुळे खुर्ची कितीही चांगली आली तरी फूटरेस्टशिवाय तुझी पाठ थांबायची नाही. तो त्याच अर्जात माग. किरकोळ किमतीची वस्तू आहे, बहुतेक खुर्चीच्या आधी येईल. हे आकडे मी तुझ्या उंचीवरून अंदाजाने धरलेत, तू प्रत्यक्ष मोजून घाल.

साहेबांच्या खुर्चीचं वाक्य मात्र पूर्ण काढ. तुझं म्हणणं बरोबर असेलही. पण हा अर्ज दादाकडे थांबणार नाही. तुमच्याकडे सहकारी बँकेची पद्धत, म्हणजे प्रशासनातला क्लार्क टिपणी मांडणार, व्यवस्थापक सही करणार, मग दरपत्रकं मागवून खरेदी समितीपुढे जाणार. त्या वाटेवर तेच साहेब बसलेले असू शकतात. आणि टिपणी लिहिणारा क्लार्क तुझ्या अर्जातलीच वाक्यं उचलतो, नवीन लिहायला त्याला वेळ कुठे आहे? म्हणून प्रत्येक वाक्य असं हवं की त्याने जसंच्या तसं खाली उतरवलं तरी कुणाला अडचण होऊ नये. “आम्ही काय माणसं नाही का” तो कसं उतरवणार, सांग!

दुखण्याबद्दल एकच वाक्य पुरे. एमआरआय, मणक्यांचे नंबर, गोळ्यांची नावं यातलं काही नको. तो कागद निदान पाच हातांतून जाणार आहे, तुझी पाठ म्हणजे काही नोटीस बोर्ड नव्हे. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घे, “कंबरेला आधार देणारी, उंची बदलता येणारी खुर्ची वापरावी”, एवढीच. रिपोर्ट घरी राहू देत. कुणी अपंग हक्क कायद्याचं कलम घालायला सांगितलं तरी घालू नकोस. तो 2016 चा कायदा अपंगत्व असलेल्यांसाठी आहे, तुझ्या आत्ताच्या कंबरदुखीला तो लागू नाही आणि उगाच समोरचा बिथरेल.

“लवकर” ही तारीख नव्हे. खरेदीला वेळ लागणार हे आपणच मान्य करायचं आणि मधल्या काळासाठी काहीतरी मागायचं. प्रत्येक मुख्य कार्यालयात सभागृहात नाहीतर रेकॉर्ड रूममध्ये दोन-चार बऱ्या खुर्च्या नुसत्या पडून असतात. त्यातली एक मागितली तर कुणाचाच खर्च होत नाही आणि तारीखही घालता येते.

असा लिहिला आहे बघ, 48 आणि 42 च्या जागी तू मोजलेले आकडे घाल :

“प्रति,
मा. व्यवस्थापक, प्रशासन विभाग, मुख्य कार्यालय
मार्फत : मा. विभागप्रमुख, कर्ज विभाग

विषय : कंबरेला आधार देणारी खुर्ची व फूटरेस्ट मिळणेबाबत.

महोदय,

मी कर्ज विभागात (दुसरा मजला, खिडकीलगतचे टेबल) कार्यरत असून दिवसातील बहुतांश वेळ संगणकावर काम करते. माझ्या वापरातील खुर्चीची (डेड स्टॉक क्र. …) बैठक वापरात हळूहळू खाली जाते. सकाळी 48 से.मी. वर ठेवलेली बैठक तासाभरात 42 से.मी. पर्यंत येते. तसेच या खुर्चीला कंबरेचा आधार नाही व हातांची उंची बदलता येत नाही.

मला काही आठवड्यांपासून कंबरदुखीचा त्रास होत असून डॉक्टरांनी योग्य आधाराची खुर्ची वापरण्याचा सल्ला दिला आहे. त्यांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

तरी बैठकीची उंची 52 से.मी. पर्यंत नेता येणारी, कंबरेचा आधार व हात वर-खाली करता येणारे आणि बैठकीची खोली कमी-जास्त करता येणारी खुर्ची मिळावी, ही विनंती. टेबलाची उंची 75 से.मी. असल्याने सुमारे 12 से.मी. उंचीचा फूटरेस्टही आवश्यक आहे.

खरेदीस वेळ लागणार असल्यास तोपर्यंत कार्यालयातील शिल्लक खुर्च्यांपैकी सुस्थितीतील एक खुर्ची दि. … पर्यंत मिळावी. नवीन खुर्ची निश्चित करण्यापूर्वी नमुना बसून पाहण्याची संधी मिळाल्यास माप चुकणार नाही.

आपली विश्वासू,”

खाली नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक. बस. “तसदीबद्दल क्षमस्व”, “उपकृत करावे” असलं काही मी मुद्दाम घातलेलं नाही. तू भीक मागत नाहीयेस. “मिळावी, ही विनंती” यात पुरेसा मान आहे, त्यापुढे लोळण घेतली की उलट मागणीच हलकी वाटते. डेड स्टॉकचा नंबर खुर्चीच्या बुडाला रंगवलेला असेल. तो घातलास तर क्लार्कला वर चढून बघावं लागणार नाही, आणि ती खुर्ची किती जुनी हे रजिस्टरमधून त्यालाच दिसेल. जुनी निघाली तर टिपणीत तो स्वतःच तसं लिहितो, तुला सांगायला नको.

दोन प्रती काढ. विभागप्रमुखांची सही झाली की एक दे आणि दुसरीवर आवकचा शिक्का मारून पोच घे. मग दादाला व्हॉट्सअ‍ॅप कर खुशाल, “दादा, अर्ज दिलाय, आवक नंबर अमुक, जरा लक्ष असू द्या.” आता त्याच्या हातात दाखवायला कागद आहे, त्यामुळे तो मनापासून पाठपुरावा करेल. आठ-दहा दिवसांनी काही हललं नाही तर नवीन अर्ज लिहू नकोस. त्याच आवक नंबरचा संदर्भ देऊन एका ओळीचं स्मरणपत्र दे.

नमुना आला तर दोन मिनिटं बसून “छान आहे” म्हणू नकोस. दुकानात सगळ्याच खुर्च्या छान असतात. दोन दिवस ठेवून घे आणि त्यावर तुझं रोजचं काम कर. आणि हो, चांगली खुर्ची आली म्हणून तीन-तीन तास चिकटून बसू नकोस गं, मधेमधे उठ. तसं नाही केलंस तर खुर्चीचा काही उपयोग नाही, हे फिजिओने तुला सांगितलंच असेल.

समिती म्हणाली की यंदाच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही, तर हायड्रॉलिकची दुरुस्ती आणि फूटरेस्ट पदरात पाडून घे आणि खुर्ची नव्या वर्षाच्या मागणीत घालायला सांग. तुझ्या ह्यांनी स्वतःची खुर्ची नेण्याचं सुचवलंय म्हणालीस. तीही वाट आहे, पण आधी लेखी परवानगी घे आणि गेटवर नोंद कर. नाहीतर वर्षअखेरच्या मोजणीत कुणीतरी तिच्या बुडावरही बँकेचा नंबर रंगवून जाईल आणि मग ती घरी आणायला तुला आणखी एक अर्ज करावा लागेल.

तुझी,
वसू