सुलट्या पाळीचा शुक्रवार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतली सुपरवायझरसाहेबांची कथा वाचली. भाषा छान आहे, चहाच्या टपरीचं वर्णन तर फारच छान. पण शेवटाला आलो आणि पेपर खाली ठेवला. शनिवारी रात्री म्हाताऱ्या कामगाराचं गाऱ्हाणं ऐकून साहेबांचे डोळे पाणावतात, सोमवारी सकाळी बोर्डावर नवं वेळापत्रक लागतं, सगळे टाळ्या वाजवतात आणि महिन्याभरात उत्पादनही वाढतं. लेखकांचं अभिनंदन. आमच्याकडे एवढ्या वेळात वेळापत्रकाचा कागदसुद्धा टाइप होऊन येत नसे.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. पाळ्यांचे तक्ते, हजेरी, लेट मार्क, ओव्हरटाइम सगळं माझ्या टेबलावरून जायचं. लेखकांच्या कारखान्यात टाइम ऑफिस दिसत नाही. कार्डं पंच होतात, पण ती पुढे कोण बघतं कोण जाणे. असो.

माझा राग मात्र त्यावर नाही. कथेतले साहेब काय बदल करतात ते बघा. आधी पाळी उलटी फिरत असते, म्हणजे रात्रपाळीनंतर दुसरी, दुसरीनंतर पहिली. साहेब ती ‘निसर्गाच्या क्रमाने’ सुलटी करतात : पहिली, दुसरी, मग रात्र. आणि कामगार सुखी होतात! संपादक महोदय, नेमका हाच बदल आमच्याकडे झाला होता आणि त्याने हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे भट्टीत गिअर कडक करणाऱ्या खात्याच्या, माणसांचे हाल झाले. आमच्याकडे तो कुणाचं ऐकून झाला नव्हता. एक मोठे साहेब ट्रेनिंगला जाऊन आले होते.

ट्रेनिंगमधली गोष्ट खोटी नव्हती. माणसाच्या शरीराला झोप पुढे ढकलणं सोपं जातं, अलीकडे ओढणं जड जातं. त्यामुळे पाळी पुढे पुढे सरकावी, हे पुस्तकात बरोबरच आहे. पण पुस्तक लिहिणाऱ्याने आमचा गुरुवार पाहिलेला नव्हता. विजेच्या सोयीसाठी औद्योगिक भागांना वेगवेगळ्या वारी सुट्टी असते, तशी आमच्याकडे गुरुवारी. पाळ्या सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात. शॉप शुक्रवारी सकाळी सातला सुरू व्हायचं आणि पुढच्या गुरुवारी सकाळी सातला बंद. पाळी बदलायची ती या सुट्टीनंतर.

आता सुलट्या क्रमाने मोजा. पहिलीवाला बुधवारी तीनला सुटतो आणि शुक्रवारी तीनला दुसरीला येतो. मध्ये ४८ तास. दुसरीवाला बुधवारी अकराला सुटतो, शुक्रवारी रात्री अकराला येतो. त्यालाही ४८ तास. इथपर्यंत टाळ्या ठीक आहेत. पण रात्रपाळीवाला सुटतो गुरुवारी सकाळी सातला आणि पहिलीला हजर व्हायचं शुक्रवारी सकाळी सातला. फक्त २४ तास. सहा रात्री जागलेला माणूस गुरुवारी सकाळी घरी जाऊन आडवा होतो, दुपारी तीन-चारला उठतो, मग रात्री त्याला झोप येत नाही. पहाटे कुठे डोळा लागतो आणि पाचला गजर. पुस्तकाने जे टाळायला सांगितलं होतं, म्हणजे झोप एकदम अलीकडे ओढणं, ते सगळं या एका दिवसात कोंबलं होतं.

शिवाय हे कायद्यात बसायचं. तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टच्या ५७व्या कलमाप्रमाणे मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतल्या कामगाराची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास. म्हणजे त्याची सुट्टी सुरू व्हायची ती झोपायला जाताना. मी स्वतः तक्त्यावर ‘सा. सु.’ लिहायचो आणि त्यात काही चूक नसायची.

उलट्या क्रमाचंही मोजून बघा. रात्रपाळीवाला गुरुवारी सातला सुटला की शुक्रवारी तीनला दुसरीला, म्हणजे ३२ तास. दुपारपर्यंत झोपून उठला, तरी रात्री झोप यायला उशीर झाला तर बिघडत नाही, कारण शुक्रवारी सकाळी गजर लावायचा नसतो. दुसरीवाला बुधवारी अकराला सुटून शुक्रवारी सातला पहिलीला येतो. तेही ३२, पण मध्ये अख्खा गुरुवार आणि दोन रात्री घरात. आणि पहिलीवाल्याला रात्रपाळीला जाण्याआधी मिळतात ५६ तास. तिन्हींची बेरीज दोन्ही क्रमांत तेवढीच, १२०. फरक एवढाच की सुलट्या क्रमात सगळी झळ रात्रपाळीवाल्यावर येते. सुट्टी आठवड्यात दोन दिवस असती तर मोठ्या साहेबांचं पुस्तक जिंकलं असतं. तशी ती नव्हती.

हे मला कसं कळलं? कुणी टपरीवर रडून सांगितलं नाही. शुक्रवारच्या पहिल्या पाळीची कार्डं लाल दिसायला लागली. तीच माणसं शनिवारी, सोमवारी वेळेवर, शुक्रवारी मात्र सव्वासात, साडेसात. वर हुकूम काय आला असेल? शुक्रवारच्या लेट मार्कांवर पगार कापा. तेव्हा एक जण मला म्हणाला, “भाऊ, मला रात्रीचं काम जड जात नाही. मला शुक्रवार जड जातो.” मी कापलेल्या पगाराचे तक्ते वर पाठवले, त्यावर शेरा आला, ‘शिस्तीचा अभाव’.

हीट ट्रीटमेंटला शुक्रवारी पेंगून चालत नाही, हे लेखकांना माहीत नसावं. त्यांच्या कथेत साहेब रात्री भट्टी बंद करून सगळ्यांना एकत्र चहा पाजतात! गॅस कार्बुरायझिंगची भट्टी सव्वानऊशे अंशांच्या आसपास असते आणि गिअरवर मिलिमीटरभर कडक थर चढायला कित्येक तास लागतात. चार्ज, म्हणजे भट्टीत एका वेळी टाकलेला माल, एका पाळीत आत जातो आणि दुसऱ्या पाळीत निघतो. मध्येच बंद केली तर अख्खा चार्ज गेला. म्हणून तिथे जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टीसुद्धा आळीपाळीने घेतात. आलेला माणूस आदल्याकडून कार्बन किती ठेवलाय, चार्ज किती वाजता टाकलाय हे ऐकून घेतो. तो झोपेत असेल तर गिअर तेलात पडतो खरा, पण वेळ चुकलेली असते, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी कडकपणा तपासताना.

ऐकून घेणारे सुपरवायझर आमच्याकडेही निघाले, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर मी नुसता तक्रारखोर ठरेन. त्यांनी भाषण केलं नाही की खांद्यावर हात ठेवला नाही. माझ्याकडे आले आणि शुक्रवारची जुनी कार्डं मागितली. मग गुरुवारी सकाळी सातला, सुटणाऱ्या पाळीबरोबर सायकल स्टँडवर उभे राहिले आणि एकच विचारलं, “आता घरी गेल्यावर काय काय करणार?” क्रम बदलायचा का, असं नाही विचारलं. तसं विचारलं असतं तर ‘तुम्ही म्हणाल तसं’ हेच उत्तर मिळालं असतं.

आणि सगळ्यांचं उत्तर एक नव्हतं. लेखकांच्या कथेत कामगारांना एकच तोंड आहे, तेही दाढी वाढलेलं. आमच्याकडे जुन्नर-आंबेगावकडची मंडळी सुलट्या क्रमावर खूश होती. तीन आठवड्यांत दोनदा ४८ तास मिळायचे, गावाकडे शेतीचं काम उरकून यायचे. उलटा क्रम परत आला तर त्यांची एक फेरी जाणार होती. दोन महिने त्यावर भांडणं झाली. शेवटी असं ठरलं की क्रम उलटाच करायचा, पण दोघांनी लेखी अर्ज देऊन आपसात पाळी बदलली तर मंजूर करायची, अट एवढीच की भट्टीवर दोघंही तयार हवेत. गाववाल्यांनी ‘बघू’ म्हणून मान्य केलं. काहींनी शेवटपर्यंत मनापासून केलं नाही. अदलाबदलीच्या अर्जांनी माझं टेबल भरलं, ते वेगळंच.

आणि हे सोमवारी बोर्डावर लागलं नाही. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात ९अ हे कलम होतं. कामाच्या वेळा किंवा स्थायी आदेशांत न बसणारा पाळीचा बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस, नाहीतर युनियनशी करार. करार केला तर नोटीस लागत नसे, म्हणून कराराची वाट धरली. फॅक्टरी इन्स्पेक्टरला बदललेल्या वेळापत्रकाच्या दोन प्रती आधी पाठवल्या. त्या मी टाइप केल्या. कथेतल्या साहेबांनी हे काही केलेलं नाही. त्यांच्यावर युनियनने तक्रार टाकली असती तर कथेचा दुसरा भाग फार रंगला असता, तो जरूर छापावा.

शुक्रवारची कार्डं त्यानंतर बरीच निवळली. उत्पादन वाढलं का, ते मला माहीत नाही. ते खातं माझ्याकडे नव्हतं. पण कापलेले पगार कुणी परत दिले नाहीत. त्याचे तक्ते करून मी वर पाठवले होते, ‘विचाराधीन’ असा शेरा येऊन परत आले आणि मी निवृत्त झालो तेव्हाही तसेच होते. कुणाला कामगारांचं ऐकण्यावर कथा लिहायची असेल तर त्या तक्त्यांवर लिहावी.

जाता जाता एक. कथेवरचं चित्र ज्यांनी काढलं त्यांना सांगा, तीन गिअर त्रिकोणात एकमेकांत असे अडकवले की एकही फिरत नाही. एक उजवीकडे, दुसरा डावीकडे, मग तिसऱ्याने जायचं कुठे? गेल्या वर्षी कामगार दिनाच्या अंकातही हेच चित्र होतं आणि तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
भोसरी, पुणे