कॅशलेस नाकारले? कारण कागदावर मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेडिक्लेमबद्दल वाचकांची जी पत्रे छापून येतात त्यांचा सूर बहुतेक सारखाच असतो. हप्ते वर्षानुवर्षे भरले आणि वेळ आली तेव्हा कॅशलेस नाकारले. संताप रास्त आहे. पण त्या पत्रांत नकाराचे कारण क्वचितच सापडते, कारण ते लिहिणाऱ्यालाच माहीत नसते. काउंटरवरचा मुलगा सांगतो, ‘तुमचं रिजेक्ट झालंय, डिपॉझिट भरा,’ आणि मोबाइलवर एका ओळीचा मेसेज येतो. नातेवाईक एटीएमकडे धावतात. मी नाशिकमधल्या एका रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कवर बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून या काउंटरच्या पलीकडे काय घडते ते सांगते.

नकाराचे पत्र असतेच. विमा कंपनी किंवा तिच्या वतीने दाव्यांचे कागद हाताळणारी मधली संस्था, म्हणजे टीपीए, ते रुग्णालयाच्या ईमेलवर किंवा पोर्टलवर पाठवते. रुग्णाच्या हातात ते पडत नाही, कारण मागायचे असते हे त्याला ठाऊक नसते आणि डेस्कवरच्या माणसाला प्रिंट काढायला सवड नसते. म्हणून डिपॉझिटची पावती घेण्याआधी पहिले वाक्य हे असावे: ‘डिनायल लेटरची प्रिंट द्या.’ त्या पत्रात बहुधा अशा अर्थाचा मजकूरही असतो की हा कॅशलेस सुविधेचा नकार आहे, उपचारांचा किंवा दाव्याचा नव्हे, आणि नंतर बिले जोडून भरपाई मागता येईल. हे न वाचताच कित्येक कुटुंबे ‘क्लेम गेला’ असे समजून गप्प बसतात.

माझ्या मेहुण्यांचेच उदाहरण देते. ते अंबडच्या एका कारखान्यात आहेत. छातीत दुखू लागले म्हणून रात्री मुंबई नाक्याजवळच्या एका रुग्णालयात दाखल केले, सकाळी अँजिओग्राफी झाली आणि स्टेंट घालायचे ठरले. पॉलिसी साडेतीन वर्षांची, पाच लाखांची, खंड न पडता चालू असलेली. कॅशलेस नाकारले गेले. काउंटरवर कारण सांगितले, ‘बीपी जुनं आहे म्हणून.’ बहिणीचे म्हणणे, बीपीची गोळी यंदाच सुरू झाली आहे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, आणि नेमके काय बिघडले ते तोंडी बोलून कधीच उलगडले नसते.

नकाराच्या पत्रात होते: रुग्णास पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब, म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासून, प्रस्तावात उल्लेख नाही, सबब कॅशलेस देता येत नाही. मग आम्ही प्री-ऑथच्या, म्हणजे रुग्णालयाने कॅशलेसच्या मंजुरीसाठी कंपनीला पाठवलेल्या, अर्जाची प्रत मागितली. या अर्जात डॉक्टरांनी भरायच्या भागात जुन्या आजारांचा रकाना असतो: मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब वगैरे, आणि प्रत्येकापुढे ‘कधीपासून’. तिथे पाच वर्षे लिहिले होते. त्यानंतर केसपेपर मागितला. त्यावर रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी रक्तदाबापुढे ‘५/१२’ असे लिहिले होते. वैद्यकीय लिखाणात बाराच्या छेदाचा अर्थ महिने, बावन्नाचा आठवडे आणि साताचा दिवस. म्हणजे पाच महिने. अर्ज भरणाऱ्याने घाईत पाच तेवढे उचलले आणि पुढे वर्षे लावली. खाली रुग्णाच्या बाजूने बहिणीची सही होती, आणि सही घेतली तेव्हा अर्ज कोरा होता. हे मी दोष देण्यासाठी सांगत नाही. मध्यरात्री प्रत्येक डेस्कवर असेच चालते. म्हणूनच सही केल्यावर भरलेल्या अर्जाचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. त्याला कोणाची हरकत नसावी.

आता पत्रांविषयी. पत्रे दोन लागतात आणि दोन्हींचे काम वेगळे.

पहिले रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना. आम्ही लिहिले ते साधारण असे: ‘रुग्णाचे नाव, आयपी क्रमांक अमुक. आपण विमा कंपनीस पाठवलेल्या प्री-ऑथ अर्जाची, कंपनीने विचारलेल्या प्रत्येक क्वेरीची व आपल्या उत्तराची वेळेसह, तसेच नकाराच्या पत्राची प्रत द्यावी. केसपेपर व तपासण्यांच्या अहवालांच्या प्रतीही द्याव्यात. अर्जातील रक्तदाबाच्या कालावधीची नोंद केसपेपरशी जुळत नाही. ती तपासून उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीचा खुलासा विमा कंपनीस पाठवावा. दरम्यान भरलेली अनामत रक्कम आम्ही हरकत राखून भरली आहे.’ दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का, तारीख व वेळ घ्यावी. आवक नोंदवणारे नाहीत असे उत्तर मिळाले तर तेच पत्र रुग्णालयाच्या ईमेलवर टाकावे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात असा डॉक्टरांच्या वर्तनाविषयीचा २००२ चा नियम आहे. पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत पुरे. डॉक्टरांशी भांडण्याची वेळ ही नव्हे. आपल्याला त्यांच्याकडून खुलासा हवा आहे.

वेळा का मागायच्या, तर विमा नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने ताबडतोब, जास्तीत जास्त एका तासात निर्णय द्यायचा असतो. पण तो तास विनंती कंपनीला मिळाल्यापासून मोजतात, तुम्ही काउंटरवर कार्ड दिल्यापासून नव्हे. रुग्णालयाने अर्जच दुपारी पाठवला असेल, किंवा क्वेरीचे उत्तर कोणाच्या तरी मेलबॉक्समध्ये पडून असेल, तर कंपनीला दोष देऊन काही मिळत नाही. कोण कुठे अडले हे त्या वेळांवरूनच कळते.

दुसरे पत्र विमा कंपनीला. टीपीएला फक्त प्रत पाठवावी. टीपीए हा मधला कारभारी, पॉलिसीचा करार कंपनीशी आहे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल पॉलिसीच्या कागदांत दिलेला असतो. या पत्रात रागाला जागा देऊ नये, प्रश्न विचारावेत. हा नकार फक्त कॅशलेसचा आहे की दावाच फेटाळला आहे? पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली? कोणत्या कागदातील कोणत्या नोंदीवरून? दावा फेटाळला असल्यास कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीने त्याला मंजुरी दिली आहे का?

शेवटचा प्रश्न मुद्दाम घालावा. त्याच परिपत्रकानुसार अशा समितीच्या मंजुरीशिवाय कोणताही दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळला किंवा काही रक्कम कापली तर पॉलिसीतील नेमक्या अटीचा हवाला देऊन कळवावे लागते. दाखल होतानाचा कॅशलेस नकार मात्र या अर्थाने दावा फेटाळणे नव्हे, म्हणून आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर घ्यायचे. ‘केवळ कॅशलेस नाकारले’ असे लेखी मिळाले की नंतरच्या भरपाईचा दरवाजा उघडा असल्याचे कंपनीनेच मान्य केले.

कलमाचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण. आरोग्य विम्याच्या पॉलिसींत काही नेहमीच्या अपवादांना ठरावीक क्रमांक आहेत. Excl01 म्हणजे आधीपासूनचा आजार, Excl02 म्हणजे ठरावीक आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, Excl04 म्हणजे केवळ तपासण्यांसाठी दाखल होणे. क्रमांक कळला की कोणता पुरावा लागणार हे कळते. Excl04 असेल तर सलाइन, इंजेक्शने, ऑक्सिजन अशा प्रत्यक्ष उपचारांच्या नोंदी दाखवाव्या लागतात; तिथे बीपीच्या जुन्या फाइली नेऊन उपयोग नाही. आणि हर्नियासारख्या शस्त्रक्रियेचा प्रतीक्षा काळ खरोखर संपला नसेल, तर कितीही चांगले पत्र लिहिले तरी पैसे मिळणार नाहीत. तेही निदान पहिल्याच दिवशी समजते आणि माणूस पैशांची सोय दुसरीकडे बघतो.

मेहुण्यांच्या बाबतीत प्रश्न आजार लपवल्याचा होता. सलग ६० महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीवर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, या कारणाने दावा नाकारता येत नाही. पण त्यांची पॉलिसी तितकी जुनी नव्हती. त्यामुळे सारी भिस्त त्या एका नोंदीवर होती. हृदयरोगतज्ज्ञांनी लेटरहेडवर चार ओळींचा खुलासा दिला, सोबत गोळी सुरू करणाऱ्या सिडकोतल्या फॅमिली डॉक्टरांची पहिली चिठ्ठी जोडली, आणि रुग्णालयाने फेरविचाराची विनंती पाठवली. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मंजुरी आली. ग्लोव्हज, किट असल्या न मिळणाऱ्या वस्तूंचे पैसे कापून उरलेली अनामत परत मिळाली. बहिणीने फाइल मात्र जपून ठेवली आहे, कारण नूतनीकरणाच्या वेळी जुनी चुकीची नोंद पुन्हा डोके वर काढू शकते. कंपनीने आपली नोंद दुरुस्त केल्याचे लेखी उत्तर तिने मागितले आहे.

मंजुरी आली नसती तर उपचार घेऊन, मूळ बिले, पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि हाच खुलासा जोडून पॉलिसीतल्या मुदतीत भरपाईचा दावा करायचा होता. तोही फेटाळला तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि पुढे विमा लोकपालांकडे. नाशिककरांसाठी लोकपालांचे कार्यालय पुण्याला आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी चालतात. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, आणि तिने ती फेटाळल्यावर किंवा महिनाभर उत्तर न दिल्यावरच लोकपाल दाद घेतात; तिथून एक वर्षाची मुदत असते. काउंटरवर कितीही वाद घातला असला तरी तो इथे धरला जात नाही. दाखल होण्याच्या दिवशी पाठवलेला ईमेल धरला जातो.

शहरातल्या रुग्णालयांना आपल्या दैनिकामार्फत एक विनंती आहे. नकाराचे पत्र आले की त्याची प्रिंट न मागता रुग्णाच्या नातेवाइकाला द्यावी, आणि प्री-ऑथ अर्ज पाठवण्याआधी ‘कधीपासून’ हा रकाना त्यांना वाचून दाखवावा. याला जादा माणूस लागत नाही. मी स्वतः हे काम केले आहे, दोन मिनिटे लागतात.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक