बाबांच्या पावलाबद्दल

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, नर्व्ह कंडक्शनचा रिपोर्ट वाचला. शेजारचे काका काहीही म्हणोत, हा लकवा नाही. कंबरेतून आलेलं दुखणंही वाटत नाही.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा उंचवटा हाताला लागतो ना? त्याच्या लगेच खाली पाऊल वर उचलणारी नस हाडाला वळसा घालून पुढे जाते. तिथे तिच्यावर कातडी आणि थोडी चरबी, एवढंच पांघरूण. टायफॉइडनंतर तुमचं वजन उतरलं तेव्हा तेही गेलं, त्यात डायबिटीस. मग सप्ताहात फरशीवर पातळ आसन टाकून तासन्‌तास मांडी घातली आणि नस दबली. उकिडवं बसूनही हेच होतं.

व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला तळवा आत वळवायला सांगितलं, ते जोरात जमलं. कंबरेतली नस दबली असती तर बहुतेक तिथेही जोर कमी पडला असता. अंगठा आणि पाऊल मात्र वर येईना, नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाची वरची बाजू बधिर. रिपोर्टही तेच सांगतो: घोट्याशी करंट दिला तेव्हा सिग्नल चांगला, उंचवट्याच्या खालीही चांगला, वरून दिल्यावर मात्र एकदम घसरलेला. तपासणी तीन आठवड्यांनी झाली, हे बरं झालं. नसेचे तंतू तुटले असते तर एव्हाना घोट्याचा सिग्नलही पडला असता. म्हणजे मुख्यतः वरचं आवरण दुखावलंय. ते काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत भरून येतं. तुटलेले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटरच वाढतात, त्यात बरेच महिने गेले असते.

आता मांडी बंद, पायावर पाय टाकणंही बंद. पोथी खुर्चीवर बसून वाचा, देवाला चालतं. चालताना स्प्लिंट घालाच, नाहीतर बोटं उंबऱ्याला अडकून पडाल. स्प्लिंटचा वरचा पट्टा त्या उंचवट्यावर येता कामा नये, हे मापाच्या वेळी आवर्जून सांगा.

आई, तू रोज त्यांचा घोटा हाताने वर वळवून पोटरी ताणून दे, नाहीतर टाच आखडेल. उंचवट्यावर तेल लावून रगडू नकोस, आणि बधिर भागाला गरम पिशवी तर नकोच, भाजलेलं त्यांना कळणार नाही. रात्री स्प्लिंट काढल्यावर कातडी लाल झालीय का ते बघत जा.

जोर आणखी कमी झाला, किंवा तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर तपासणी पुन्हा करून गुडघ्याची सोनोग्राफीही करू. तिथे कधीकधी पाण्याची गाठ नसेला दाबत असते. बोलणं अडखळलं, हात लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मला फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

रविवारी कॉलवर अंगठा वर उचलून दाखवा. थोडा हलला तरी चालेल.

तुमची,
सुमी
वडोदरा